साखर चढते, पंप गप्प असतो

गेल्या वर्षी गणपतीच्या पहिल्या रात्री माझी भाची आमच्याकडे ठाण्याला होती. एकोणीस वर्षांची मुलगी. आठव्या वर्षापासून टाइप-१ मधुमेह आणि गेली तीन वर्षं कमरेला इन्सुलिन पंप. संध्याकाळी सहा वाजता, पाहुणे यायच्या आत, तिनं घाईघाईत पंपाचा सेट बदलला. आरत्या लांबल्या, जेवायला साडेनऊ झाले. ताटात दुपारचे दोन उकडीचे मोदक होते. तिनं अंदाज बांधून कर्बोदकं मोजली, पंपावरून सात युनिट दिले आणि जेवायला बसली. साडेअकराला तिच्या दंडावरच्या सेन्सरनं साखर २६२ दाखवली.

घरातल्या सगळ्यांनी मोदकांवर ठपका ठेवला. मीही ठेवला. ती म्हणाली, "मावशी, मोदक धरूनच डोस दिलाय मी." पण दिवसभराच्या धावपळीत ती दमली होती. पंपाला विचारलं तर पंप म्हणत होता की आता आणखी इन्सुलिनची गरज नाही, जेवणाच्या डोसपैकी साडेतीन युनिट अजून शरीरात काम करताहेत. मग थांबू या, असं ठरलं.

त्या रात्री पुढच्या पाच तासांत मी जे शिकले, ते पंप वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना ठाऊक असायला हवं. साखर चढली की आपण 'काय खाल्लं?' असं विचारतो. पंप असेल तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायचा असतो: इन्सुलिन आत जातंय का?

पंपातून इन्सुलिन शरीरात कसं जातं ते आधी पाहू. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हापासून कल्पना तीच आहे. पंपात फक्त लवकर काम करणारं इन्सुलिन भरतात, म्हणजे अॅस्पार्ट किंवा लिस्प्रोसारखं. त्याचे अगदी बारीक थेंब दिवसरात्र जात राहतात, त्याला बेसल म्हणतात. जेवताना एकदम जास्त सोडतात, तो बोलस. पंपातून एक बारीक नळी निघते आणि पोटावर किंवा मांडीवर चिकटवलेल्या टेपपाशी संपते. त्या टेपच्या मध्यातून त्वचेखाली शिरलेली सहा किंवा नऊ मिलिमीटरची मऊ प्लॅस्टिकची नळी म्हणजे कॅन्युला. ती घालताना तिच्या आत सुई असते. सुई त्वचेत वाट करते, मग सुई बाहेर काढली की मऊ नळी आत राहते. दोन-तीन दिवसांनी हा सगळा सेट काढून नवी जागा शोधायची.

इंजेक्शन घेणारा माणूस सहसा दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन घेतो. ते चोवीस तासांच्या आसपास पुरतं. जेवणाचं एखादं इंजेक्शन चुकलं, तरी खाली हे इन्सुलिन असतंच. पंपवाल्याच्या शरीरात असा साठा नसतो. कॅन्युला बंद पडली की शेवटचा थेंब गेल्यापासून तीन-चार तासांत इन्सुलिन जवळजवळ संपतं. त्यानंतर साखर तर चढतेच, पण शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठू लागतात. हे वाढत गेलं तर कीटोअॅसिडोसिस होतो आणि रुग्णालय गाठावं लागतं. पंपवाल्याला तिथपर्यंत पोचायला एक रात्र पुरते.

मग पंप ओरडत का नाही? हा माझा त्या रात्रीचा पहिला प्रश्न होता, आणि अजूनही अनेक आईवडील तो विचारतात.

पंपाला इन्सुलिन शरीरात गेलं की नाही हे कळतच नाही. त्याला फक्त आपण किती ढकललं आणि ढकलताना किती अडलं एवढंच कळतं. कॅन्युला पूर्ण तुंबली की नळीतला दाब वाढत जातो. तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की अडथळ्याचा अलार्म वाजतो. पण दाब चढायला आधी काही इन्सुलिन नळीत कोंडावं लागतं. समजा एखाद्या पंपाला अलार्म द्यायला दोन युनिट कोंडावे लागतात आणि रात्री बेसल तासाला अर्धा युनिट आहे. म्हणजे अलार्म वाजेपर्यंत चार तास गेले. लहान मुलाचा बेसल तासाला ०.१ असेल तर हाच हिशेब वीस तासांवर जातो. मधे जेवणाचा बोलस दिला तर दाब लवकर चढतो, म्हणून हा अलार्म पुष्कळदा जेवणाच्या वेळी वाजतो. रात्री मात्र कोणी जेवत नाही.

आणि हे झालं नळी पूर्ण तुंबली तर. वाकलेली कॅन्युला याहून फसवी. ती त्वचेच्या तोंडाशीच दुमडली की इन्सुलिन आत जायच्या ऐवजी नळीच्या बाहेरच्या बाजूनं उलट वर येतं आणि टेपखाली पसरतं. त्याला वाट मिळालेली असते, त्यामुळे दाब चढतच नाही. अलार्म चार तासांनीही नाही आणि दहा तासांनीही नाही. कॅन्युला त्वचेतून निसटून टेपखाली आडवी पडली तरी हेच. ठाणे-मुंबईच्या दमट हवेत, घामानं टेप सुटून असं होणं अगदी नित्याचं आहे.

इथेच पंपाच्या पडद्यावरचा एक आकडा दिशाभूल करतो. 'ॲक्टिव्ह इन्सुलिन', म्हणजे शरीरात अजून काम करत असलेलं इन्सुलिन, हा मोजलेला आकडा नाही. तो हिशेब आहे. साडेनऊला सात युनिट ढकलले, चार तासांत ते संपतील, दोन तास झाले म्हणजे निम्मे उरले: पंप एवढंच गणित करतो. ते सात युनिट टेपच्या कापसात जिरले असतील तरी गणित तेच. साडेअकराला आम्हाला थांबवणारे ते साढेतीन युनिट असे कागदावरचे होते.

साडेबाराला सेन्सरवर ३१८ आले. भाची उठून बसली, साबणानं हात धुतले, पुसले आणि बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर तपासलं: ३३४. हात धुणं ही उगाच केलेली स्वच्छता नाही. मोदकाचं सारण, आंबा, केळं यांतलं काही बोटाला लागलेलं असलं तर त्या साखरेनं आकडा खोटाच फुगतो, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं ती साखर पुरती निघत नाही. पाण्यानंच धुवावं लागतं. सेन्सर रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो. त्यामुळे साखर वेगानं चढत असताना तो थोडा मागे असतो. तिचे दोन आकडे जुळले नव्हते, पण दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

तिचा हिशेब असा असतो: एक युनिट इन्सुलिन साखर साधारण ५०नं उतरवतं आणि तिचं लक्ष्य १२० आहे. ३३४मधून १२० वजा केले, ५०नं भागले, की सव्वाचार युनिट येतात. पंपानं त्यातून आपले शिल्लक १.४ कापले आणि २.९ सुचवले. तिनं ते पंपावरूनच दिले आणि तासाभराचा गजर लावला.

आज मागे वळून पाहताना मला वाटतं, आमचा एक तास इथे गेला. २५०च्या वर कारण न कळणारी साखर आली की त्याच क्षणी कीटोनही तपासायचे असतात. घरात कीटोनचं मीटर होतं. स्ट्रिप महाग असतात म्हणून, आणि उगाच घाबरायला नको म्हणून, ते पिशवीतच राहिलं.

दीड वाजता साखर ३५१. करेक्शन देऊन तास झाला होता आणि आकडा उतरायचा सोडून चढला होता. हा दुसरा आकडा माझ्या लेखी सगळ्यात बोलका आहे. एकटा ३३४ काहीच ठरवत नाही. पुरणपोळीनं, तापानं, पाळीच्या आधी, उन्हात गरम झालेल्या इन्सुलिननं, कशानंही ३३४ येऊ शकतात. पण डोस दिल्यावर तासाभरानं केलेली तपासणी हा पंपाचाच प्रयोग असतो. इन्सुलिन आत गेलं असतं तर साखर निदान थबकली असती किंवा उतरू लागली असती. ती चढत राहिली, म्हणजे डोस बहुधा पोचलाच नाही. म्हणून पंपावरून करेक्शन एकदाच द्यायचं. ते लागू पडलं नाही तर त्याच नळीतून दुसऱ्यांदा देणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतणं.

आता तिनं कीटोन तपासले. बोटातलंच रक्त, वेगळी स्ट्रिप: १.४.

हा आकडा आणि साखरेचा आकडा शेजारी ठेवले की मोदकाचा आणि कॅन्युलाचा निवाडा होतो. रक्तातली साखर पेशींत ढकलायला बरंच इन्सुलिन लागतं. चरबी जळायची थोपवायला मात्र अगदी थोडं पुरतं. म्हणून जास्त खाल्ल्यामुळे साखर ३५० झाली असेल आणि बेसल व्यवस्थित जात असेल, तर कीटोन सहसा ०.६च्या खालीच राहतात. साखर ३५० आणि कीटोन १.४, याचा अर्थ शरीराला इन्सुलिन जवळजवळ मिळतच नाहीये. ०.६ ते १.५ ही सावध होण्याची पातळी आहे. १.५च्या वर गेले तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा, मग रात्र असो की पहाट. ३च्या वर, किंवा उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास असेल तर घरात काही करत बसायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. कॅन्युला नुकतीच बंद पडली असेल तर पहिले तास-दोन तास कीटोन साधेच दिसतात. तेव्हाचा ०.२ हा आकडा कॅन्युलाला निर्दोष ठरवत नाही. साखर चढत राहिली तर पुन्हा तपासावं लागतं. उलट कडक उपवासानं किंवा उलट्यांमुळे न जेवल्यानंही कीटोन थोडे वाढतात, पण तेव्हा साखर सहसा कमी किंवा साधी असते. अनेक घरांत फक्त लघवीच्या पट्ट्या असतात. त्या स्वस्त आहेत आणि काहीच नसण्यापेक्षा नक्कीच बऱ्या, मात्र त्या मागची बातमी सांगतात. मूत्राशयात काही तास साठलेली लघवी त्या वेळची सरासरी असते. शिवाय कीटोन तीन प्रकारचे असतात. पट्टी त्यांतला अॅसिटोअॅसिटेट ओळखते, तर इन्सुलिन संपल्यावर सगळ्यात जास्त वाढतो बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, जो रक्ताची स्ट्रिप मोजते. उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्याचं रूपांतर पहिल्यात होतं, त्यामुळे माणूस सुधारत असतानाही पट्टी गडद होऊ शकते आणि घरचे घाबरतात.

दीड वाजल्यानंतर भाचीनं जे केलं त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पेन. तिच्या पिशवीत लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनचं पेन कायम असतं. ३५१ वजा १२०, भागिले ५०, म्हणजे ४.६. कीटोन होते म्हणून तिनं पूर्ण पाच युनिट घेतले, आणि पंपाचे शिल्लक युनिट या वेळी कापले नाहीत, कारण ते आत गेले असतील यावर आता विश्वास नव्हता. तिच्या डॉक्टरांनी अशा वेळी काय करायचं ते आधीच लिहून दिलंय, म्हणून ती हे ठामपणे करू शकली. हे आकडे तिचे आहेत. दुसऱ्याचा डोस त्याच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायला हवा, तोही शांत दिवशी, मध्यरात्री नव्हे.

पेन घेतल्यावर तिनं टेप सोलली. मी टॉर्च धरला होता. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसत होतं. ती टेप उलटी करून तिनं नाकाशी नेली आणि मग माझ्यापुढे धरली. जखमेच्या पट्टीला येतो तसा औषधी, फिनाइलसारखा उग्र वास. इन्सुलिन टिकवायला त्यात जे फिनॉल आणि क्रेसॉल घालतात त्यांचा हा वास. टेपचा मधला भाग ओलसर होता. आणि कॅन्युला, ती केसाएवढी पांढुरकी नळी, मधोमध दुमडून उलटी वळली होती, माशाच्या गळासारखी. कदाचित घाईत घालताना त्वचा नीट ताणली नव्हती, कदाचित सुई आत जाताना ती कमरेत वाकली होती. संध्याकाळी सहापासून रात्री दीडपर्यंत ढकललेल्या इन्सुलिनपैकी बरंच त्या टेपमध्येच जिरलं होतं.

काढलेली कॅन्युला सरळ निघाली तरी ती निर्दोष होती असं मात्र समजू नये. काढताना वाकडी नळी सरळ होऊ शकते. आत रक्ताची गुठळी असू शकते. जागाही वाईट असू शकते: वर्षानुवर्षं त्याच त्या भागात सुया टोचल्या की त्वचेखाली चरबीच्या गाठी होतात आणि त्यांतून इन्सुलिन हळू आणि बेभरवशाचं शोषलं जातं. साखर आणि कीटोन यांचं सांगणं पक्कं असेल, तर कॅन्युला कशीही दिसो, सेट बदलायचाच. सेट स्वस्त नाहीत, आणि तीन दिवसांचा सेट पाच दिवस ओढणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांना दोष द्यायची माझी छाती नाही. पण अशा सेटवर चौथ्या-पाचव्या दिवशी साखर चढली, तर जेवणाची चौकशी करायच्या आधी सेट काढावा.

नवा सेट लावताना एक चूक जीवघेणी ठरू शकते. नळी नव्या इन्सुलिननं भरायची असते, तेव्हा ती अंगाला जोडलेली असता कामा नये. लांब नळीत दहा-पंधरा युनिट मावतात. ती अंगावर असताना भरली तर ते सगळे शरीरात जातील. म्हणून आधी सुटं करायचं, मग भरायचं, टोकाशी थेंब आलेला पाहायचा, आणि मग मांडीवर किंवा पोटाच्या दुसऱ्या बाजूला नवी कॅन्युला घालायची. भाचीनं मांडी निवडली.

ती पाणी पीत बसली आणि आम्ही दर तासाला तपासत राहिलो. अडीचला ३२२. मी घाबरले. तिनं समजावलं की टोचल्यावर इन्सुलिनचा जोर यायला तासाहून जास्त लागतो, आता पुन्हा टोचलं तर पहाटे साखर कोसळेल. एवढा संयम एकोणीस वर्षांच्या पोरीत कुठून येतो, मला माहीत नाही. साडेतीनला २४६ आणि कीटोन ०.८. साडेचारला १७८ आणि कीटोन ०.४. ती झोपली. मी नाही झोपले, कारण जुन्या कॅन्युलातून काही इन्सुलिन खरंच आत गेलं असेल, तर ते आणि पेनचं मिळून साखर खूप उतरण्याची शक्यता होती. सहाला सेन्सर १३१ दाखवत होता.

तिचा पंप साधा आहे. आता बऱ्याच जणांकडे सेन्सरशी जोडलेले पंप आहेत, जे साखर पाहून बेसल आपणच कमीजास्त करतात. अशा पंपात साखर चढू लागली की तो स्वतःहून जास्त इन्सुलिन ढकलतो, आणि कॅन्युला वाकलेली असेल तर तेही वाया जातं. पडद्यावर मात्र तो खूप काम करताना दिसतो. तासन् तास वाढीव इन्सुलिन जातंय आणि साखर हलत नाही, हे दिसलं तर ती कॅन्युलाची तक्रार समजावी. दुसरी गोष्ट, पेननं घेतलेलं इन्सुलिन या पंपाला माहीत नसतं. नवा सेट लागताच तो चढलेली साखर पाहून आपल्याकडूनही डोस देईल आणि दोन्ही मिळून साखर फार उतरेल. म्हणून पेन घेतल्यावर काही तास, साधारणपणे त्या इन्सुलिनचा असर संपेपर्यंत, त्याचं स्वयंचलित काम थांबवून पंप साध्या पद्धतीवर ठेवायला सांगतात. आपल्या पंपात ते कसं करायचं हे आधी शिकून ठेवावं लागतं.

भाचीनं त्यानंतर एक बदल केला. ती आता सेट संध्याकाळी किंवा झोपताना बदलत नाही. सकाळी चहानंतर बदलते, न्याहारीचा बोलस नव्या कॅन्युलातूनच देते आणि दोन तासांनी कॉलेजात बोटातून साखर तपासते. कॅन्युला घालतानाच वाकली असेल तर ती त्या वेळी पकडली जाते, पेन जवळ असतं, आणि आजूबाजूला जागी माणसं असतात.